सव्वीस बाण

शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जयसिंग सर बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवत होते, आणि पेपर तपासण्यात त्यांचा हात धरणारा स्टाफरूममध्ये कोणी नव्हता. सकाळच्या चहाला गठ्ठा सोडायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी साठ पेपर हातावेगळे करायचे. नव्या शिक्षकांनी तोंडात बोटं घातली, की सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "मी वाचत बसत नाही. मी बघतो. बघितलं की कळतं."

हे वाक्य त्यांना फार आवडायचं. पुढं ते आठवलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, पण ती वेळ अजून यायची होती.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत त्यांनी आपला जुना उपाय केला होता. वर्गात काय किंवा परीक्षेला काय, मुलं रोल नंबरानं बसतात, एका बाकावर दोघं. म्हणून पेपरचे दोन संच. विषम नंबराला ए, सम नंबराला बी. प्रश्न दिसायला सारखे, आतला आकडा वेगळा. ए संचात होतं, अणुक्रमांक सव्वीस असलेल्या मूलद्रव्याची बॉक्स डायग्राम काढा आणि एकटे इलेक्ट्रॉन किती ते सांगा. बी संचात तोच प्रश्न पंचवीसचा. एक लोखंड, दुसरं मँगनीज. फरक फक्त एका बाणाचा. "शेजाऱ्याचं उचललंस की एक बाण जास्त पडतोय, बेट्या," असं सर संच काढतानाच मनाशी हसले होते.

ही डायग्राम म्हणजे चौकोनांची रांग. एकेक चौकोन म्हणजे एकेक ऑर्बिटल, इलेक्ट्रॉनची राहायची जागा, आणि इलेक्ट्रॉन म्हणजे बाण. सर ती शिकवायचे तेव्हा वर्ग खुशीत असायचा. कमी ऊर्जेची जागा आधी भरायची, म्हणून फोर एस आधी आणि थ्री डी नंतर, हा पहिला नियम. एका चौकोनात दोनच बाण, तेही एकमेकांच्या उलट तोंडाचे, तिसऱ्याला मज्जाव, हा दुसरा. तिसऱ्या नियमाला सर हमखास एसटी काढायचे. "न्हावऱ्याच्या गाडीत चढलेला माणूस काय करतो? मोकळं बाकडं बघतो. सगळ्या बाकड्यांवर एकेक जण बसला, की मगच कोणाला तरी म्हणतो, सरका जरा. इलेक्ट्रॉन पण तसलाच. सारख्या ऊर्जेचे पाच चौकोन असतील तर आधी पाचांत एकेक, आणि एकटे बसलेले सगळे एकाच दिशेला तोंड करून. मग जोड्या." आणि फळ्यावर पाच चौकोनांत पाच बाण फटाफट उमटायचे, पाचही वर तोंड केलेले. बावीस वर्षं वरच.

त्या दिवशी गठ्ठ्यात सतरा नंबरचा पेपर आला आणि सरांचा लाल पेन थबकला. सतरा नंबर म्हणजे अपेक्षा, इनामगावहून एसटीनं येणारी, बोलायला कमी, डाव्या हातानं लिहिणारी मुलगी. तिनं चौकोन नीट आखले होते, पण बाण खाली तोंड केलेले. थ्री डीच्या पहिल्या घरात जोडी, बाकीच्या चार घरांत एकेक बाण, चारही खाली. असा पेपर सरांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी त्यावर फुली मारली आणि पान उलटलं.

पुढचा पेपर अठरा नंबरचा. तिथंही तेच, खाली तोंड केलेले बाण, पहिल्या घरात जोडी आणि चार एकटे. सरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले. ठिपक्याला ठिपका जुळत होता.

अठरा नंबर म्हणजे विश्वजीत, सरांचा सख्खा भाचा. दौंड तालुक्यातल्या राहूचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, अकरावीपासून शिकायला सरांच्याच घरी राहिलेला. दाजींची गावात चांगली जमीन, सोसायटीत वजन, आणि एकुलता एक मुलगा इंजिनिअर व्हायचा म्हणून मामाच्या हवाली केलेला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर सर त्याला स्वतः शिकवत.

"कॉपी," सर स्वतःशीच पुटपुटले.

कोणी कोणाची, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आपण शिकवलेला पोरगा दुसऱ्याचं कशाला बघेल? सतरा नंबरच्या पेपरवर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'कॉपी' लिहिलं आणि पंचवीसपैकी शून्य दिले. अठरा नंबरला त्या प्रश्नात चारपैकी साडेतीन. अर्धा गुण बाणांची दिशा चुकली म्हणून कापला, भाचा असला तरी सोडला नाही. या कडकपणाचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं.

सोमवारी पेपर वाटले. अपेक्षाचा पेपर सरांनी हातातच ठेवला आणि तिला उभं केलं.

"हे काय काढलंस? फळ्यावर मी असे बाण काढले होते का?"

"नाही सर."

"पुस्तकात आहेत?"

"नाही सर."

"मग तुझ्या एकटीच्या डोक्यात हे आलं, आणि योगायोगानं शेजारच्याच्याही डोक्यात आलं. होय ना?" वर्ग हसला. सर फॉर्मात आले. "बाई गं, न येणं हा गुन्हा नाही. कोरं सोडावं माणसानं. दुसऱ्याच्या कष्टावर कशाला जगायचं?"

अपेक्षा खाली बघत नव्हती, सरांकडंच बघत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"सर, बाण मोजा."

"काय?"

"बाण मोजा, सर."

सरांना ते उलट उत्तर वाटलं. "मला मोजायला शिकवतेस? तास संपेपर्यंत उभी राहा." ती उभी राहिली. तिच्याच बाकावर बसलेला विश्वजीत वहीत मान घालून काहीतरी गिरवत होता. चाळीस मिनिटं झाली, घंटा झाली. सर खडूचे हात झटकत निघून गेले आणि चहाला बसेपर्यंत सगळं विसरले.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही आली नाही. सरांनी हजेरीत आडव्या रेघा ओढल्या.

बुधवारी दुपारी स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या राजश्री मॅडम त्यांच्यासमोर बसल्या होत्या. कॉलेजात पद्धत आहे, मुलांना दाखवलेले पेपर परत गोळा करायचे आणि चाचणीच्या प्रत्येक गठ्ठ्यातले पाच पेपर दुसऱ्या शिक्षकानं नजरेखालून घालायचे. मॅडमची नोकरी तीन वर्षांची, त्यामुळं त्या सरांशी जपून बोलत.

"सर, एक विचारू? या विश्वजीतचा अर्धा गुण का कापलाय?"

"बाण उलटे आहेत."

"पण सगळे एकाच दिशेला आहेत ना. नियम तेवढाच आहे. वर काढायची आपली रीत आहे, खाली काढले म्हणून चूक कशी म्हणायची?"

सर हसायला गेले आणि हसू मधेच अडकलं. बरोबर होतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, एमएस्सीला कधीतरी शिकलेच होते. बावीस वर्षं वर बाण काढता काढता रीत कधी नियम झाली ते कळलं नव्हतं.

"ठीक आहे, देऊ अर्धा," ते म्हणाले.

"नाही, तसं नाही सर." मॅडम पेपरवर पेन्सिल टेकवत होत्या. "अर्धा द्यायचा नाही, उलट कापायला हवेत. याचा संच बी आहे. पंचवीस हवेत. मी दोनदा मोजले, हे सव्वीस भरतायत."

सरांनी पेपर ओढून घेतला. कोपऱ्यात विश्वजीतच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'संच बी'. त्यांनी पेनाचं टोक एकेका बाणावर टेकवलं. वन एसमध्ये दोन. टू एसमध्ये दोन, चार. टू पीच्या तीन घरांत सहा, दहा. थ्री एस धरून बारा, थ्री पी धरून अठरा. फोर एस, वीस. थ्री डीत पहिल्या घरात जोडी आणि चार एकटे. सव्वीस. पंचवीसला ती जोडी असायलाच नको होती, पाच घरांत पाच एकटे बाण हवे होते. खाली विश्वजीतनं उत्तरही लिहिलं होतं, एकटे इलेक्ट्रॉन चार. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती. स्वतःच्या हातानं, लाल शाईनं.

मग त्यांनी कपाटातून सतरा नंबरचा पेपर काढला. 'संच ए'. सव्वीस बाण. एकटे इलेक्ट्रॉन चार. तंतोतंत बरोबर. त्याच्यावर आडवं लिहिलेलं होतं, 'कॉपी'.

सर, बाण मोजा.

मॅडम काहीतरी विचारत होत्या. सर दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघत होते. चोर पकडायचा पिंजरा त्यांनीच लावला होता, चोर त्यात अडकलाही होता, आणि त्यांनी पिंजऱ्यात न बघता शेजारच्या घरातल्या माणसाला धरून चौकात उभं केलं होतं. आणखी एक गोष्ट मग टोचायला लागली. घरी टेबलावर ते विश्वजीतला वर तोंड केलेलेच बाण शिकवत आले होते. त्याच्या वहीत दुसरे बाण नव्हतेच. ते खाली कसे वळले, एवढा एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असता तरी पुरे होतं.

का नाही विचारला? भाचा म्हणून, हे सरांनी लगेच कबूल केलं. पण तेवढंच नव्हतं. आपली पोरं आणि त्यांची पोरं अशी एक रेघ त्यांच्या डोक्यात कुठंतरी आखलेली होती. कोणाला येत असणार आणि कोण बघून लिहीत असणार, ते त्या रेघेनं आधीच ठरवून टाकलं होतं. चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, ग्रामपंचायतीत समतेवर भाषण ठोकणारा माणूस, फुकट गेलं सगळं. त्यांना स्वतःची किळस आली.

तेवढ्यात शिपाई तात्याबा रजिस्टर घेऊन आला. "सायेब, ती इनामगावची पोरगी काल हाफिसात आलती. सायन्स सोडून आर्टला जायाचा फारम घेऊन गेली. शनवार शेवटचा दिवस हाय. वर्गशिक्षक म्हून तुमची सही लागंल, ध्यानात ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी विश्वजीत टेबलावर वही उघडून बसला. सरांनी त्याच्यापुढं त्याचा पेपर ठेवला.

"मोज."

त्यानं मोजायला सुरुवात केली नाही. त्याचे कान लाल झाले.

"मोज म्हणतो ना."

"सव्वीस हायेत, मामा." तो टेबलाकडं बघत म्हणाला. "तिनं दाखवलं न्हाई. ती हात आडवा धरूनच लिहीत व्हती. ती डावखुरी, मी तिच्या उजव्या अंगाला. तिकडनं दिसलं."

"आणि सोमवारी ती उभी होती तेव्हा तुला वाचा नव्हती?"

"व्हती." पोराचे डोळे भरले. "तुम्ही तिला इचारलं, मामा. मला काहीच इचारलं न्हाई. मला वाटलं, तुम्हाला म्हाईत हाय आन् तुम्ही मला वाचवताय."

सरांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मारायचं कोणाला, हाच प्रश्न होता. पोराला वाटलं ते चूक तरी कसं म्हणायचं. मागं ओट्याशी बायको भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं.

गुरुवारी दुपारचा तास दुसऱ्याला देऊन सर मोटारसायकलवर इनामगावला गेले. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली. टोटलमध्ये चूक झाली होती. पेपर अदलाबदल झाला. तपासताना एक पान निसटलं. एकेक वाक्य चांगलं होतं, कोणाला दुखवणारं नव्हतं, स्वतःला तर नाहीच. घोड नदीकाठच्या उसातून वळण घेईपर्यंत त्यांनी टोटलचं वाक्य पक्कं केलं होतं. मग पत्ता विचारायला ते एका टपरीपाशी थांबले. टपरीवाला म्हणाला, "कोण, ती पैली येणारी पोरगी? त्या तिकडं, विहाराच्या मागं." आणि ते वाक्य गळून पडलं.

घर दोन खोल्यांचं होतं, बाहेर सायकल आणि धुतलेले गणवेश. गुरुवार असल्यामुळं अपेक्षाचे वडील विनोद घरीच होते. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात ते मशीनवर होते आणि गुरुवारी त्यांची सुट्टी असायची. सरांना दारात बघून ते गडबडले, आतून खुर्ची आणली, ती पुसली. हे पुसणं सरांना बघवलं नाही.

"सर, तुम्ही कशाला तरास घेतला? निरोप धाडायचा व्हता. पोरीचं चुकलं, आम्ही बोललो तिला. आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई. मीच म्हणलं, झेपत नसंल तर आर्ट घे, पर लबाडी नको."

म्हणजे शून्य तिला घरीही मिळालं होतं. बापानंही पेपर बघितला नव्हता, शिक्षकाचा शब्द बघितला होता.

"विनोदराव, तिचं नाही चुकलं," सर म्हणाले. खुर्चीवर बसवेना म्हणून ते उभेच राहिले. "माझं चुकलं. तिचं उत्तर बरोबर होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचं बघून माझ्या भाच्यानं लिहिलं. मी न मोजता तिला चोर ठरवलं."

 विनोदराव हळूच म्हणाले, "व्हय का." तेवढंच. ते दाराकडं वळले आणि त्यांनी हाक मारली, "अपे." दोन दिवस लेकीला बोललेलं आता त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अपेक्षा दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागं आजी सोजरबाई आल्या, भिंतीला धरून. सरांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी तिच्याकडं बघून. 

"बाण खाली का काढलेस गं?" शेवटी त्यांनी विचारलं. विचारायला हवं होतं ते सोमवारी, आता ते फक्त काहीतरी बोलायचं म्हणून निघालं.

"रेघ वरनं खाली वढायला सोपी जाती सर. आन् तुम्हीच सांगितलं व्हतं, एकट्यांची तोंडं एकीकडं पायजेत. वर का खाली, ते न्हाई सांगितलं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

चहा आला. विनोदराव म्हणाले, "सर, माणसाकडनं चूक व्हती. तुम्ही एवढ्या लांब आला, झालं." सरांना हायसं वाटलं. कप हातात घेतला, आणि हे इतक्यात मिटलं असंही वाटून गेलं.

"झालं कसं?" सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. "मास्तर, तुमी घरी आला, लई चांगलं केलं. पर पोरीला उभं कुठं केलतं? हितं? हितं आमी तिघंच. तिथं साठ पोरं व्हती म्हनं, हसत व्हती. ती साठ पोरं कुठनं येनार हितं चा प्यायला?"

"आई," विनोदराव म्हणाले.

"मी काय वावगं बोलले?"

"नाही," सर म्हणाले. कप खाली ठेवला, चहा तसाच राहिला. "उद्या दुसरा तास माझा आहे. अपेक्षा, तू ये. फॉर्मचं नंतर बघू."

ती चहाचे कप उचलून आत गेली.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला सर वर्गात शिरले तेव्हा ती आपल्या जागेवर होती. शेजारी विश्वजीत. रात्री बहिणीचा फोन येऊन गेला होता. पोरानंच आईला सांगून टाकलं होतं. बहीण रडत म्हणाली होती, "जयसिंग, काय शिक्षा करायची ती घरात कर. वर्गात त्याचं नाव नको घेऊ रे. ह्यांची गावात काय इज्जत ऱ्हाईल?" सर बघतो म्हणाले होते.

फळ्याशी उभं राहिल्यावर टोटलचं वाक्य पुन्हा जिभेवर आलं. किती सोपं होतं. एका वाक्यात तिचे गुण परत, पोराची लाज झाकलेली, आपली बावीस वर्षं शाबूत. सरांनी तोंड उघडलं. "परवाच्या चाचणीत एका पेपरच्या बाबतीत," ते म्हणाले, "थोडी चूक," आणि त्यांची नजर अपेक्षाकडं गेली. तिनं मान वर केली होती. सोमवारसारखीच ती सरळ बघत होती. फरक एवढाच, की आज तिला काही नवल वाटत नव्हतं. तिला ठाऊक होतं सर असंच बोलणार.

सरांनी खडू उचलला. पंधरा चौकोन आखले आणि बाण भरायला सुरुवात केली, खाली तोंड करून. वर्गात कुजबुज झाली. थ्री डीत पाच घरांत पाच बाण, सगळे खाली, मग पहिल्या घरात सहावा, वर तोंडाचा.

"मोजा," सर म्हणाले. "सगळ्यांनी, मोठ्यानं."

साठ पोरं मोजायला लागली. सव्वीसला आवाज थांबला.

"सव्वीस अणुक्रमांकाचं हे उत्तर बरोबर आहे. दिशा खाली असली तरी बरोबर. हे अपेक्षाचं उत्तर आहे. सोमवारी ती मला म्हणाली, बाण मोजा. मी मोजले नाहीत. मी पेपर वाचतच नाही, नुसता बघतो, आणि त्याची मला घमेंड होती." त्यांनी फळ्यावरच्या बाणांवर खडू टेकवला. "हेच सव्वीस बाण एका बी संचाच्या पेपरवर होते, तिथं पंचवीस पाहिजे होते. कॉपी त्या पेपरात होती. त्याला मी साडेतीन गुण दिले. अपेक्षाला शून्य दिलं आणि चाळीस मिनिटं उभं केलं. त्या पोराला मी काही विचारलंसुद्धा नाही, कारण तो माझा आहे. आणि हिचं ऐकलं नाही, कारण मी आधीच ठरवलं होतं. मला लाज वाटते. मी तुझी माफी मागतो, अपेक्षा."

कोणी हसलं नाही. विश्वजीत आपणहून उभा राहिला.  "मी व्हतो," एवढंच म्हणाला. सरांनी त्याला बस म्हटलं नाही. तेही बसले नाहीत. टेबलाशेजारी उभं राहून त्यांनी तास घेतला, आणि मामा-भाचे दोघं घंटा होईपर्यंत उभे होते. बहिणीला काय सांगायचं ते संध्याकाळी बघू, असं त्यांनी ठरवलं.

वर्ग रिकामा झाल्यावर अपेक्षा टेबलापाशी आली. सरांनी तिचा पेपर काढला. 'कॉपी' हा शब्द खोडला, डायग्रामवरच्या फुलीवर चार गुण चढवले, सगळे प्रश्न पुन्हा वाचून बेरीज केली, बावीस, आणि खाली सही केली. खोडलेला शब्द तरीही दिसत होता. लाल शाई तशीच असते.

"बाकी काही?" त्यांनी विचारलं. कदाचित ती काही बोलेल, असं त्यांना वाटत होतं. बरं झालं सर, किंवा नुसतं हसेल तरी.

तिनं दप्तरातून चौघडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आर्ट्सला बदली मागणारा फॉर्म. नाव, रोल नंबर, कारण, वडिलांची सही, सगळं भरलेलं. कारणाच्या रकान्यात तिच्या डावखुऱ्या अक्षरात दोनच शब्द होते, 'विश्वास नाही'.

"आता हा कशाला?" सरांच्या तोंडून निघालं. "उद्या शेवटचा दिवस आहे. फाडून टाकू."

"फाडू नका सर." ती नम्रपणे म्हणाली. "तुमची सही करा आन् तुमच्याकडंच ठेवा. हाफिसातल्या बाई म्हणल्या, सर बोलले तर नंतर पण घेतील. मी बारावीपतोर सायन्सलाच हाय. पर कवा मागायला आले, तर काही न इचारता द्या. तारीख तेवढी मोकळी ठेवलीय मी."

ती गेली. सरांनी सही केली. फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये लाल पेनांच्या खाली ठेवला, जिथं रोज हात जातो.

पुढच्या चाचणीचा गठ्ठा सुटला तेव्हा जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे अकराच पेपर झाले होते. राजश्री मॅडम म्हणाल्या, "सर, आज उशीर?"  सर पेनाचं टोक टेकवून बाण मोजत होते.